मागच्या सीटमागची निळी बॅग

बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबर धरली आहे हे मागच्या पत्रात कळवलं होतं, त्याला तू उत्तर दिलं नाहीस.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे मी आणि फ्रीज, आणि तोही दुपारचा कण्हतो. तुझी प्रकृती कशी आहे? पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारत नाहीये, खरंच विचारते आहे, तेव्हा 'ठीक' एवढं लिहून मोकळा होऊ नकोस. फोनवरच विचारलं असतं, पण तुझ्या फोनची तऱ्हा तुला माहीत आहे. वाजून वाजून दमतो, मग तू उचलतोस, 'हां, बरं, ठेवतो' म्हणतोस आणि ठेवतोस. जन्मभर शाळेच्या मैदानावर पोरांना कवायती शिकवताना तुझे सगळे शब्द संपले असावेत. म्हणून हे पत्र, आणि तेही कुरियरने, म्हणजे शनिवारच्या आत तुझ्या हातात पडेल. शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून खिशात टाकलंस तर नुकसान तुझं आहे, आणि या खेपेला हे मी उगाच म्हणत नाहीये.

तुला माझ्या त्या पानाचा राग आहे, ठाऊक आहे मला. पण गोष्ट तिथूनच सुरू होते, त्याला माझा इलाज नाही. आमच्या वस्तीचं फोनवर 'आपली गल्ली' नावाचं पान आहे. पाणी कधी जाणार, कुणाचं मांजर हरवलं, कुठल्या खांबावरचा दिवा बंद, असलं सगळं त्यावर येतं. हे गेल्यानंतर घर खायला उठायचं, तेव्हा सेक्रेटरींनी ते पान माझ्या गळ्यात घातलं आणि तेवढ्यावर माझे दिवस निघाले. तू मागे स्टुलावरून पडलास, तेव्हा मी त्यावर 'माझ्या दादासाठी प्रार्थना करा' असं टाकलं होतं. गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी तुला लवकर बरं व्हायला सांगितलं. तुझ्याकडे साधा बटणांचा फोन, तरी ते तुझ्यापर्यंत पोचलं कसं देव जाणे, पण तू मला म्हणालास की तुला काही सांगणं आणि गावात दवंडी पिटणं एकच. त्यानंतर तू मला काही सांगणंच सोडलंस. मी रागावले नाही. (रागावले होते. पण ते आता जाऊ दे.)

तर आमच्या पानावर सगळ्यांत जास्त चालणारी गोष्ट म्हणजे रिक्षावाल्यानं विसरलेली बॅग परत केली, ही. वर्षातून चार-पाच वेळा घडते आणि प्रत्येक वेळी लोक डोळे पुसतात. पण ती लिहायची एक पद्धत असते, आणि ती मी चुका करत करत शिकले आहे. आधी रिक्षावाल्याला विचारायचं, नाव आणि फोटो चालेल का. पुष्कळांना नको असतं, कारण नाव आलं की दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली आपल्या हरवलेल्या छत्र्या त्याच्याकडेच मागायला लागते. गाडीचा नंबर झाकायचा. बॅग मालकाच्या हातात पडल्याखेरीज एक अक्षर टाकायचं नाही. आत पैसे किती होते ते लिहायचं नाही, नाहीतर लोक त्याचा प्रामाणिकपणा रुपयांत मोजतात. 'गरीब असूनही प्रामाणिक' हे तर मुळीच नाही. 'श्रीमंत असूनही प्रामाणिक' असं आपण कधी कुणाला म्हणतो का? त्याच्याच तोंडचं एक वाक्य घ्यायचं, आपलं त्याच्या तोंडी घालायचं नाही. शेवटी उपदेश करायचा नाही, घडलेलं काहीतरी सांगून थांबायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बॅगेतली एक खूण राखून ठेवायची, ती कुठंही लिहायची नाही. मालक खरा की खोटा ते त्या एका खुणेवर ठरतं. (एकदा एका छत्रीचं मी मुठीसकट वर्णन टाकलं. तीन मालक आले आणि तिघांनीही मूठ अगदी बरोबर सांगितली.)

माझ्या हाताखाली या कामाला कोपऱ्यावरचा केमिस्ट असतो. माणूस सोन्यासारखा, पण लिहायला बसला की प्रत्येक वाक्यामागे हात जोडल्याची चित्रं लावतो आणि शेवटी 'माणुसकी अजून जिवंत आहे' असं लिहितो. दुकानात थर्मामीटर विकतो म्हणून माणुसकीचीही नाडी रोज यानंच तपासायला हवी असं थोडंच आहे. हे वाक्य मी पानावर बंद केलं. मग रविवारी त्याला दुकानातल्या बाकावर बसवून म्हटलं, बघ, अशी लिहायची असते, आणि त्याच्या देखत फोनवर एक नमुना लिहून दाखवला. बॅग मनची, रिक्षावाला मनचा, सगळं मनचं. वर मोठ्या अक्षरांत 'नमुना' असं लिहिलं. तो नमुना तुझ्यासाठी इथं उतरवून देते, कारण त्याच्यावाचून पुढचं तुला पटणार नाही:

'एक गृहस्थ रिक्षातून आपल्या गल्लीत आले आणि कुणालाच न भेटता परत गेले. मागच्या सीटमागे त्यांची निळी कॅनव्हासची बॅग राहिली. तिच्या पट्ट्याला बुटाची पांढरी नाडी बांधलेली. आत दवाखान्यात भरती होण्याचं सामान होतं: नवा टॉवेल, सपाता, साबणाची डबी आणि एकच पेला. रिक्षाचालकांनी ती दुसऱ्या दिवशी आणून दिली. आत काय आहे ते आधी विचारलं, मगच दिली. नाव लिहू नका म्हणाले. एका कानात कापूस असतो, एवढं लिहिलं तर चालेल म्हणाले. बक्षीस घेतलं नाही, पाणी घेतलं. जाताना म्हणाले, "बॅग काही जड नव्हती. पण ती घरात होती तोवर रात्रभर कुणीतरी जागं आहे असं वाटत होतं." सोमवारी त्यांनीच त्या गृहस्थांना दवाखान्यात सोडलं. या खेपेला मागच्या सीटवर दोघं होते.'

केमिस्टनं वाचलं आणि मान हलवली. म्हणाला, ताई, बाकी झकास, पण ते जागं असण्याचं वाक्य कुठला रिक्षावाला बोलेल? भुताटकीसारखं वाटतं. मी म्हटलं, नमुना आहे रे बाबा, खरा रिक्षावाला आला की त्याचं खरं वाक्य घालू. मग त्यानं विचारलं, आणि या बॅगेची राखून ठेवलेली खूण कोणती? मी म्हटलं, आहे, आतल्या कप्प्यात आहे. कोणती ते तुलाही सांगणार नाही, तीच तर पद्धत आहे. आणि खरोखरच मी ती मनात ठरवली होती, दादा. लिहिली नाही, बोलले नाही, ओठसुद्धा हलवले नाहीत. हे नीट ध्यानात ठेव.

आता झालं असं, की नमुना जपून ठेवायचं काम केमिस्टकडे होतं. त्यानं वरचा 'नमुना' हा शब्द काढून टाकला (का, तर तो तिथं बरा दिसत नव्हता) आणि 'ठेवा'ऐवजी 'उद्या सकाळी प्रसिद्ध करा' हे बटण दाबलं. सोमवारी सकाळी मी दात घासत होते आणि फोन टेबलावर थरथरत फिरत होता. बघते तर काय, न घडलेली गोष्ट गल्लीभर घडून गेली होती. लोकांचे डोळे पाणावले होते. ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांना तो रिक्षावाला समोर बसवून टाळ्या वाजवायच्या होत्या. एका बाईंनी तर लिहिलं की त्या गृहस्थांना मी ओळखते, फार सज्जन माणूस. मी केमिस्टला फोन करून काय वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, ताई, लगेच काढू नका, आजवर इतकी दाद कधी आली नव्हती, दुपारी काढू. आणि मला, दादा, खरं सांगते, मोह झाला. इतक्या लोकांनी आपलं लिहिलेलं वाचलं की माणूस थोडा वेडा होतो.

दुपारी मी काढायलाच बसले होते. एका हातात डाव, दुसऱ्या हातात फोन, गॅसवर आमटी. तेवढ्यात समोरच्या इस्त्रीवाल्या ताईंची ओळ आली. त्या कधी काही लिहीत नाहीत, नुसता अंगठा दाखवतात. त्यांनी लिहिलं होतं, 'बॅग परत मिळाली म्हणता, मग ती रिक्षा आत्ता तुमच्या बिल्डिंगखाली कशी उभी आहे? ड्रायव्हरच्या कानात कापूस आहे. एक गृहस्थ खाली उतरून तुमच्या गॅलरीकडे बघतायत.'

माझ्या हातातल्या डावातली आमटी पायावर सांडली तरी मला भाजल्याचं कळलं नाही. मी तशीच गॅलरीत गेले. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नव्हते. कोपऱ्यावर एका रिक्षाची पाठ वळताना दिसली, आणि मागच्या काचेतून, सीटमागच्या सामानाच्या जागेत, काहीतरी निळं. एवढंच. मग रिक्षाचा आवाजही गेला. खाली इस्त्रीवाल्या ताई इस्त्री शर्टावर तशीच ठेवून वर माझ्याकडे बघत होत्या आणि मी खाली त्यांच्याकडे. शेवटी शर्ट जळाल्याचा वास आला तेव्हा त्या भानावर आल्या. (शर्ट अध्यक्षांचा होता. त्यावर वेगळं पत्र होईल.)

मी आत आले आणि ती गोष्ट पानावरून काढून टाकली. मनाला समजावलं की रिक्षावाल्यांच्या कानात कापूस असायचाच, दिवसभर रहदारीच्या आवाजात बसतात बिचारे. निळ्या बॅगा काय पैशाला पासरी. पण संध्याकाळभर मी घरातले दिवे लावत फिरत होते आणि लावलेले दिवे परत परत बघत होते. आपण एखादं खोटं लिहावं आणि ते लिहिल्याबरहुकूम चालत आपल्या दाराशी यावं, ही काही चांगली लक्षणं नव्हेत. केमिस्टला सांगितलं तर त्यानं माझा रक्तदाब मोजला. जास्त होता. मग त्यानं स्वतःचा मोजला, तो माझ्यापेक्षा जास्त निघाला, आणि तेव्हापासून तो माझ्याकडे जरा जपूनच बघतो.

मंगळवारी, म्हणजे काल दुपारी, दाराची बेल वाजली. केमिस्ट माझी गोळी द्यायला आलेला होता, तोच दार उघडायला गेला आणि उघडून तसाच उभा राहिला. बाहेर मध्यम वयाचा, खाकी शर्ट घातलेला, चपला बाहेर काढून ठेवलेला माणूस. डाव्या कानात कापूस. हातात निळी कॅनव्हासची बॅग, आणि पट्ट्याला बुटाची पांढरी नाडी. मला वाटलं, आपण आता पडणार. पण पडायला जागा नव्हती, म्हणून चपलांच्या कपाटावर बसले.

माणूस मात्र अगदी साधा, हाडामासाचा, थोडा घामेजलेला. त्याच्या सांगण्यातून कळलं ते असं. सोमवारी बस स्टँडवरून एक गृहस्थ त्याच्या रिक्षात बसले. बॅग त्यांनी स्वतःच मागच्या सीटमागे ठेवली. (बॅगा नेहमी तिथंच विसरतात, दादा. बसणाऱ्याच्या पाठीमागे जाते म्हणून त्याला दिसत नाही, आणि चालवणाऱ्याला तर नाहीच.) गृहस्थ आमच्या बिल्डिंगखाली उतरले, थांबायला सांगितलं, आणि गॅलरीकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. जिन्याकडे दोन पावलं गेले, परत आले. मग न बोलता आत बसून परत स्टँडवर चला म्हणाले. वाटेत एवढंच विचारलं की येत्या सोमवारी सकाळी लवकर मोठ्या हॉस्पिटलला जायला इथं रिक्षा मिळेल ना. हा म्हणाला, मिळेल. स्टँडवर उतरले, सुट्टे नकोत म्हणाले आणि बसच्या गर्दीत दिसेनासे झाले. संध्याकाळी गाडी पुसताना याला बॅग सापडली. तसाच स्टँडवर गेला, चौकशीच्या खिडकीवर विचारलं, तिथल्या रिक्षावाल्यांना सांगून ठेवलं. कुणी आलं नाही. चौकीत जमा करावी तर ती तिथंच पडून राहील, आणि सोमवार तर जवळ आलेला. मग त्याला सुचलं की जो माणूस इतका वेळ एका गॅलरीकडे बघतो, त्याचं त्या घरात कुणीतरी असणारच. म्हणून तो आला. आमचं पान त्यानं कधी बघितलेलं नाही. त्याचा फोन तुझ्यासारखाच, बटणांचा.

मी हात पुढे केला. त्यानं बॅग मागे घेतली. नम्रपणे म्हणाला, राग मानू नका, पण आत काय आहे ते आधी सांगा, मगच देता येईल. केमिस्ट माझ्याकडे बघायला लागला. मी काय करणार? मी माझा नमुना म्हणून दाखवला. नवा टॉवेल, सपाता, साबणाची डबी, एकच पेला. तो एकेक वस्तू काढून चपलांच्या कपाटावर माझ्या शेजारी ठेवत गेला. टॉवेलवर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती. पेला स्टीलचा, घासूनपुसून लख्ख, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. तो एकच पेला मी हातात घेतला, दादा. कागदावर मी तो सहज लिहिला होता. दवाखान्यात जाणारा माणूस दोन पेले नेतो, एक आपला आणि एक सोबत बसणाऱ्याचा. एकच नेतो तो, ज्याच्यासोबत कुणी येणार नाही असं त्यानं आधीच ठरवलेलं असतं.

मग रिक्षावाल्यानं विचारलं, "आणि आतल्या कप्प्यात?"

मी केमिस्टला कानांत बोटं घालायला लावली. (त्यानं घातली. खरंच ऐकू आलं नाही म्हणतो.) आणि जे मी लिहिलं नव्हतं, बोलले नव्हते, फक्त मनात ठेवलं होतं, ते रिक्षावाल्याला हळूच सांगितलं. त्यानं आतल्या कप्प्याची चेन उघडली, दोन बोटं घातली आणि ते बाहेर काढलं. तेच होतं. तो हसला आणि बॅग माझ्या मांडीवर ठेवली. खुणेप्रमाणे बॅग माझी ठरली होती, आणि ती माझी नव्हती, आणि मला थंडी वाजत होती.

बक्षीस देऊ केलं, नको म्हणाला. पाणी मागितलं. वरून धार धरून प्यायला, भांडं स्वतः मोरीत नेऊन ठेवलं. मी विचारलं, गृहस्थ दिसायला कसे होते? म्हणाला, वयस्क आहेत, पण रिक्षात एवढे हादरे बसले तरी सीटला पाठ टेकली नाही, ताठ बसून होते. मग दारात चपला घालताना थांबला आणि मागे वळून म्हणाला, "ताई, बॅग काही जड नव्हती. पण काल रात्री घरात ठेवली, तर रात्रभर कुणीतरी जागं आहे असं वाटत होतं."

केमिस्ट मटकन खाली बसला. मी आधीपासूनच बसलेली होते, म्हणून निभावलं.

नंतर मी डोकं लढवून पुष्कळ गोष्टी लावून बघितल्या. कापसाचा खुलासा झाला. नाक्यावरच्या रिक्षा स्टँडवरचे लोक म्हणाले की त्याचा तो कान कित्येक वर्षांपासून दुखतो, आणि मी त्याच्या रिक्षातून बाजारात किती वेळा गेले असेन कोण जाणे. तेव्हा कापूस माझ्या डोक्यात आधीचाच होता. बॅगेचाही खुलासा आहे, तो पुढे येईल. वाक्याचा मात्र काही केल्या होत नाही. मी तो आता करायचाही सोडला आहे. केमिस्टला तर खुलासा नकोच आहे. त्याला ही खरी गोष्ट ताबडतोब पानावर हवी आहे, कारण अशी गोष्ट जन्मात एकदाच मिळते. ड्रायव्हरनं फोटोला हो म्हटलं आहे, नुसते हात आणि बॅग, चेहरा नाही. सगळं नियमात बसतं. काल संध्याकाळपासून तो मागे लागला आहे आणि मी नाही म्हणते आहे, आणि आपण नाही म्हणतो आहोत हे ऐकून माझं मलाच नवल वाटतं आहे.

बॅग समोरच्या खुर्चीवर आहे. मी हे लिहिते आहे आणि मधूनमधून वर बघते आहे. रिक्षावाला म्हणाला ते खोटं नाही. घरात कुणीतरी जागं आहे असं वाटतं. घाबरले होते, पण आता तितकी भीती नाही वाटत. मला आपलं उलटंच वाटायला लागलं आहे, की हा जो कोण इतके दिवस एकटाच जागा आहे, त्याला म्हणावं, बाबा, आता तू झोप, मी बसते.

असो. पत्र फार लांबलं. उन्हाचं बाहेर फिरू नकोस, गुडघ्याला तेल लाव, दाराला नीट कडी घाल. थोरल्यांना नमस्कार लिहायची रीत आहे, पण तुझ्यामाझ्याहून थोरलं आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा तोही तूच घे.

तुझी,
धाकटी

ता.क. १. बॅग कुणाची ते मला कळलं नाही असं तुला वाटत असेल, तर तू मला अजून फ्रॉकमधलीच समजतोस. नमुन्यासाठी मी एक बॅग डोक्यातून काढली, आणि माझ्या डोक्यात बॅग म्हणून एकच आहे. आंतरशालेय सामन्यांना तू हीच घेऊन जायचास. ती नाडी तुझ्याच जुन्या बुटाची आहे, मीच बांधली होती. पण दवाखान्याचं सामान मी तिच्यात का भरलं आणि तुला गल्लीतून परत का पाठवलं, ते मला खरंच ठाऊक नाही. मी लिहिलं रविवारी आणि तू आलास सोमवारी. ते आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

ता.क. २. तरी नियम तो नियम. आतल्या कप्प्यात काय आहे ते सांग आणि बॅग घेऊन जा. या पत्रात मी ते कुठंही लिहिलेलं नाही, परत वाचून बघ. केमिस्टला सांगितलं नाही, इस्त्रीवाल्या ताईंना नाही, पानावर तर नाहीच. तू कुठून आलास, कशाला आलास, सोमवारी कशासाठी जायचं आहे, यातलं गल्लीत कुणालाही कळलेलं नाही आणि कळणार नाही. तू खाली उभा राहून वर बघत होतास आणि जिना चढला नाहीस, तो माझ्या पानाला भिऊनच ना? दवंडीवाली बहीण गप्प बसू शकते, हे तू येऊन बघ. तुला काय झालं आहे ते मला सांगायचं नसेल तर तेही सांगू नकोस. नुसता ये.

ता.क. ३. काल मी ती शिट्टी एकदा फुंकून बघितली. आतला मणी कधीच पडला आहे, नुसती हवा येते. अरे देवा, खूण लिहून बसले! आता हे पत्र वाटेत फोडणारा कुणीही येऊन बॅग माझी म्हणेल. तेव्हा त्याच्या आधी तू पोच, रविवारी दुपारपर्यंत. सोमवारी सकाळची रिक्षा मी सांगून ठेवली आहे, तोच येणार आहे, तुला शब्द दिला होता म्हणाला. नमुन्यातलं एकूण एक खरं झालं, फक्त सोमवारचं राहिलं आहे, आणि त्यातली शेवटची ओळ आपोआप होणारी नाही. बॅग मी परत भरून ठेवली. टॉवेलची चिठ्ठी काढली, सपाता पुसल्या. पेल्याशेजारी दुसरा पेला ठेवला आहे.